माल साठ दिवस कुठे होता? खरेदीच्या पट्ट्यांचा एक कागद



गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत एका सभासदाने उभे राहून सरळ प्रश्न केला होता, तो आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. "एक डोळ्याची रोपं देतो म्हणून जुलैत आमची नावं लिहून घेतली, सप्टेंबर संपला, रोपं कुठं आहेत?" प्रश्न माझ्या खात्याचा होता म्हणून उत्तर द्यायला मीच उभा राहिलो. शेडनेटचा सांगाडा उभा राहायला उशीर झाला, कारण पाइप-अँगल उशिरा आले, एवढेच मी सांगू शकलो. त्यावर मागून कोणीतरी म्हणाले, "म्हणजे कोणीच काही केलं नाही!" सभा हसली. मी खाली बसलो.

पुढे काय झाले ते आपण जाणताच. पूर्वहंगामी लागणीची वेळ १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर. आमची पहिली रोपे तयार झाली नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. ज्यांची नावे यादीत वर होती त्यांना ती वेळेत मिळाली. बाकीच्यांनी काहींनी घरचेच बेणे लावले आणि काहींची रोपे सुरूच्या लागणीत गेली. पूर्वहंगामी उसाचे सुरूत रूपांतर झाले की एकरी टनेज किती खाली येते, हे मी सभासदांना शिकवायला नको.

हा लेख त्या उशिराबद्दल आहे. पण रडगाणे म्हणून नव्हे. उशीर नेमका कुठे झाला हे शोधायची एक साधी रीत मला सापडली. ती एका कागदावर, आणि आता पॉवरपॉइंटच्या एकाच स्लाइडवर मावते. ती आपल्या कारखान्यात कायमची असावी असे माझे स्पष्ट मत आहे. का, ते सांगतो.

पनवेलची रात्र

सांगाड्याचे लोखंड घेतले ते पनवेलजवळच्या कळंबोलीच्या बाजारातून. मुंबई शहरातला लोखंडाचा व्यापार बाहेर न्यावा म्हणून सिडकोने वसवलेला हा बाजार. पुण्याकडे येणारा द्रुतगती मार्ग तिथूनच सुरू होतो. त्यामुळे ट्रक संध्याकाळी भरला की रात्रीतून आपल्या गेटवर येतो. हव्या त्या मापाचा पाइप एकाच ठिकाणी मिळतो, म्हणून कारखाना तिथून माल घेतो.

३ सप्टेंबरला मला माल भरून आणायला पाठवले. दुकानात गेलो तर मुनीम म्हणाला, "साहेब, पैसे कालच निघाले म्हणता, पण आमच्या खात्यात दिसत नाहीत. दिसले की भरतो." तो असेही म्हणाला, "लोखंडाचा भाव सकाळी वेगळा, संध्याकाळी वेगळा. आम्ही तीन दिवसांचा दर लिहून देतो आणि तुमचा कागद महिन्याने येतो." त्याचे खोटे नव्हते. मी पनवेलच्या एस.टी. स्टँडजवळ लॉजवर मुक्काम केला.

रात्री झोप येईना. फाइल माझ्याजवळ होती. पूर्वी एका प्रशिक्षण वर्गात पाहिलेला एक आराखडा आठवला. रमलर आणि ब्राश या दोघा अमेरिकन लेखकांनी १९९० साली आपल्या पुस्तकातून तो पुढे आणला. पोहण्याच्या तलावात दोऱ्या बांधून प्रत्येक पोहणाऱ्याची वाट वेगळी करतात, त्यावरून त्याला स्विमलेन म्हणतात. त्या पुस्तकाचा रोखच असा की संस्थेच्या तक्त्यात खात्यांच्या चौकोनांमध्ये जी पांढरी जागा असते, काम तिथे अडते. चौकोनात काय चालते ते प्रत्येक खातेप्रमुख बघतो. मधल्या जागेत काय चालते ते कोणीच बघत नाही.

मी एका जुन्या दरपत्रकाची पाठ घेतली आणि आडव्या रेघा मारल्या. दोन रेघांमधली जागा म्हणजे एका खात्याचा पट्टा. जोडओळ लागणीत आपण पट्टा रिकामा सोडतो, त्याच्या हे उलट आहे. इथे पट्टा म्हणजे एका खात्याची कामाची जागा. डावीकडून उजवीकडे दिवस सरकतात. जे काम ज्या खात्याने केले त्याचा चौकोन त्या खात्याच्या पट्ट्यात. कागद एका खात्यातून दुसऱ्यात गेला की बाण रेघ ओलांडतो. बस्स, एवढाच आराखडा.

साठ दिवसांचा हिशोब

फाइलवरच्या तारखा मी त्यात भरल्या. त्या अशा.

शेतकी खात्याने मागणीपत्रक लिहिले १० जुलैला. ते भांडारात पोहोचले १२ ला. स्टोअरकीपरने १३ ला "शिल्लक नाही" असा शेरा मारला. खरेदी खात्याच्या टेबलावर कागद आला १५ ला. १६ ला चार व्यापाऱ्यांना चौकशी गेली, २२ पर्यंत दर आले, २३ ला तुलनात्मक तक्ता तयार झाला. इथपर्यंत कोणाला नाव ठेवता येणार नाही.

खरेदी समिती बसते पंधरवड्याने. तिची बैठक झाली ५ ऑगस्टला. ७ ला ऑर्डर निघाली. व्यापाऱ्याने कळवले की दर तीन दिवसांचा होता, आता भाव चढला आहे. पुन्हा दर मागवले, १२ ला नवा तक्ता झाला, २० ला समितीने मंजूर केला, २२ ला दुसरी ऑर्डर गेली. या खेपेला व्यापाऱ्याने दराचे ओढून धरले नाही. पण म्हणाला, आमच्याकडे पैसे आधी, माल मागाहून. आपल्या छापील ऑर्डरवर मात्र "माल मिळाल्यापासून ३० दिवसांत" असे छापलेले. हिशोब खात्याने विचारले, ऑर्डरमध्ये नसलेली आगाऊ रक्कम आम्ही कशी द्यायची? बरोबरच विचारले. कागद परत खरेदी खात्याकडे, तिथून कार्यकारी संचालकांकडे सहीला, तिथून पुन्हा हिशोब खात्याकडे. पैसे गेले २ सप्टेंबरला.

४ ला ट्रक भरला आणि त्या रात्री आपल्या गेटवर लागला. गेटवरून पुढे सरकेना, कारण वजन कोणी करायचे ते ठरलेले नव्हते. गाळपात काट्यावर केनयार्डची माणसे असतात. बंद हंगामात काट्यावरचे हंगामी कारकून घरी असतात. सुरक्षा खाते म्हणाले काटा आमचा नाही, भांडार म्हणाले आम्ही वजन झालेला माल घेतो. दोन दिवस ट्रक उभा. ७ ला वजन, ८ ला माल पावती. मग बांधणीला पंधरवडा आणि रोपे तयार व्हायला पुढे चाळीस दिवस.

१० जुलै ते ८ सप्टेंबर म्हणजे ६० दिवस. व्यापाऱ्यांना दर कळवायला लागलेले दिवस बाजूला ठेवून, आपल्या माणसाचा हात या कामाला प्रत्यक्ष किती दिवस लागला ते मी मोजले. चौदा दिवस. बाकीचे सारे दिवस कागद किंवा माल दोन पट्ट्यांच्या मधल्या रेघेवर पडून होता. बाणांनी रेघ ओलांडली ती २० वेळा.

आता सभेतला तो शेरा घ्या, "कोणीच काही केलं नाही." कागदाकडे पाहिल्यावर तो खोटा ठरतो. प्रत्येकाने आपले काम केले होते आणि बहुतेकांनी एक-दोन दिवसांत केले होते. म्हणूनच चौकशी केली की प्रत्येक खाते छातीवर हात ठेवून सांगते, "आमच्याकडे दोनच दिवस होतं." ते खरे असते. नुसत्या तोंडी चौकशीने हा उशीर कधीच सापडत नाही तो यामुळेच.

कागदाने दाखवलेल्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट. लोखंडाचा दर तीन दिवस टिकतो आणि आपला तक्ता समितीपुढे जायला तेरा दिवस लागतात. अशा स्थितीत माणसे कितीही तत्पर असली तरी मंजूर झालेला दर शिळाच असणार. म्हणजे चूक एखाद्या खात्याच्या सुस्तीची नाही, कामाच्या क्रमाची आहे. समिती दर मंजूर करते आणि मग ऑर्डर जाते, हा क्रम खताला, ट्रेला, शेडनेटच्या कापडाला चालतो, कारण त्यांचे दर महिना-महिना टिकतात. लोखंडाला तो चालत नाही.

म्हणून मी असे सुचवले की लोखंडाच्या बाबतीत समितीने आधीच तीन गोष्टी मंजूर कराव्यात. कोणता माल, किती वजन आणि जास्तीत जास्त किती दर. त्यानंतर ज्या दिवशी पैसे तयार असतील त्या दिवशी सकाळी खरेदी अधिकाऱ्याने यादीतल्या किमान तीन व्यापाऱ्यांना फोन करून दर लिहून घ्यावा आणि सर्वांत कमी दराने त्याच दिवशी ऑर्डर द्यावी. पैसे आधी द्यायची अट ऑर्डरमध्येच लिहावी, म्हणजे हिशोब खात्याला परत प्रश्न करावा लागणार नाही.

यात धोका आहे, तो मी लपवत नाही. कमाल दर ठरला की सगळी खरेदी त्या कमाल दरालाच होऊ लागते, असा अनुभव कुठेही येतो. तसेच आगाऊ पैसे म्हणजे माल हाती येण्याआधी पैसा बाहेर. म्हणून फोनवरचे तिन्ही दर, वेळ आणि बोलणाऱ्याचे नाव त्याच कागदावर लिहिले पाहिजे आणि पुढच्या बैठकीत तो कागद समितीपुढे आला पाहिजे. आगाऊ रक्कम फक्त समितीने मान्य केलेल्या यादीतल्या व्यापाऱ्याला जावी. बँकेचा खाते क्रमांक यादीतल्या क्रमांकाशी हिशोब खात्याने स्वतः ताडून पाहावा, आयत्या वेळी आलेल्या कागदावर विसंबू नये.

दुसरी गोष्ट काट्याची. आराखडा काढताना मी वजनाचा चौकोन हातात घेतला आणि तो कोणत्या पट्ट्यात ठेवावा तेच कळेना. तिथेच मला उत्तर सापडले. ज्या कामाचा चौकोन ठेवायला पट्टा सापडत नाही, ते काम कारखान्यात कोणाचेच नसते. गाळप चालू असताना ते कोणाच्या लक्षात येत नाही, बंद हंगामात ट्रक उभा राहतो. अशा जागी "भांडार व सुरक्षा" असे लिहून एक चौकोन दोन पट्ट्यांवर पसरून टाकायचा मोह होतो. तो आवरावा. दोघांचे काम म्हणजे कोणाचेच नाही. चौकोन फोडून दोन करावेत. ट्रक आत घेऊन वजन करणे सुरक्षा खात्याकडे, चिठ्ठी पाहून माल मोजणे भांडाराकडे.

स्लाइड कशी काढावी

हा भाग गट ऑफिसातल्या मुलांसाठी आणि ज्या सभासदांची मुले संगणकावर बसतात त्यांच्यासाठी लिहितो. सोसायटी असो, दूध संघ असो किंवा पाणीपुरवठा संस्था असो, रीत तीच.

स्लाइड १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच असते. वर नावाला पाऊण इंच सोडला तर खाली सात पट्टे प्रत्येकी साधारण ०.९ इंचाचे बसतात. यापेक्षा जास्त पट्टे घातले की अक्षर बारीक होते आणि मागच्या रांगेला दिसत नाही. आपल्या खरेदीला सात पुरले. शेतकी, भांडार, खरेदी, समिती व कार्यकारी संचालक, हिशोब, गेट व काटा, आणि व्यापारी. व्यापारी आपल्या कारखान्याचा नाही, तरी त्याचा पट्टा हवाच. तो नसता तर तीन दिवसांच्या दराची गोष्ट कागदावर आलीच नसती. त्याचा पट्टा सर्वांत खाली आणि वेगळ्या रंगाचा ठेवावा.

पट्ट्यांसाठी `Insert` मधून सात ओळींचा तक्ता घालावा. डावीकडचा दीड इंच खात्यांच्या नावाला. उरलेल्या रुंदीत सव्वा इंचाचे चौकोन, मध्ये बाणापुरती जागा ठेवून, सातच रकान्यांत बसतात. पण एका रकान्यात वर-खाली दोन चौकोन येऊ शकतात, म्हणजे तेरा-चौदा कामे सहज मावतात. चौकोनातले अक्षर १४ पॉइंटच्या खाली नेऊ नये. बाणांसाठी `Shapes` मधला `Connector: Elbow Arrow` घ्यावा. तो चौकोनाला चिकटतो, चौकोन हलवला तरी सुटत नाही. नुसती रेघ ओढली तर एक चौकोन सरकवताच सगळे बाण लोंबकळतात आणि अर्धा दिवस जातो.

चौकोनात क्रियापद असावे. "मागणीपत्रक" असे लिहू नये, "मागणीपत्रक लिहिणे" असे लिहावे. नुसत्या कागदाचे नाव लिहिले की ते काम कोण करतो हा प्रश्न झाकला जातो. जिथे हो-नाही ठरते तिथे चौकोनाऐवजी शंकरपाळ्यासारखा आकार आणि त्यातून निघणारे दोन बाण. आपल्याकडे असे एकच ठिकाण ठेवले आहे, "माल शिल्लक आहे का?" हो असेल तर भांडार माल देऊन मोकळे, नाही तर कागद खरेदी खात्याकडे. माणसांची नावे कुठेही लिहू नयेत. नाव लिहिले की बदली होताच कागद जुना होतो, आणि तोवर तो भांडणाला कारण होतो.

आता आपल्या स्लाइडवरची तेरा कामे क्रमाने सांगतो, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. शेतकी खाते मागणीपत्रक लिहिते. भांडार शिल्लक पाहते. खरेदी खाते चौकशी पाठवते. व्यापारी दर कळवतो. खरेदी खाते तक्ता करते. समिती माल, वजन आणि कमाल दर मंजूर करते. खरेदी खाते त्या दिवशीचा दर घेऊन ऑर्डर देते. हिशोब खाते आगाऊ रक्कम पाठवते. व्यापारी माल भरतो. गेटवर वजन होते. भांडार माल मोजून पावती करते. शेतकी खाते पाइपची जाडी आणि माप तपासते. शेवटी हिशोब खाते ऑर्डर, माल पावती आणि बिल हे तीन कागद एकमेकांशी जुळवते आणि काही येणे-देणे निघाले तर ते मिटवते. माल शेतकी खात्याच्या हातात पडेपर्यंत रेघ ओलांडायची वेळ येते ११ वेळा. आधी ती आली होती २० वेळा. दर विचारायचा फोन मी बाण म्हणून धरला नाही, कारण त्यात कागद हलत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक बाणाच्या मुळाशी आणि टोकाशी दोन तारखा लिहायची जागा ठेवावी. कागद निघाला कधी आणि पोहोचला कधी. स्लाइडवर एका प्रत्यक्ष खरेदीच्या तारखा भराव्यात. तारखांशिवायचा आराखडा म्हणजे वजनाशिवायची काट्याची पावती.

आणखी पट्टे का कमी करू नयेत

एप्रिलमध्ये ही स्लाइड मी संचालक मंडळापुढे लावली. एका ज्येष्ठ संचालकांनी विचारले, "अकरा वेळा तरी कशाला? शेतकी खात्यालाच पैसे द्या, तुमचं तुम्ही आणा." बोलणे मनापासूनचे होते आणि मला सोयीचेही होते. तरी मी नको म्हणालो.

माल मागणारा, माल विकत घेणारा, माल मोजून घेणारा आणि पैसे देणारा हे चार वेगळे असले पाहिजेत. हे चौघे एकाच पट्ट्यात आले तर तीन टन मागून अडीच टन आणणे आणि तीन टनांचे बिल देणे हे एका माणसाच्या एका सहीत होते, आणि कागदावर काहीच चुकीचे दिसत नाही. लोखंड वजनावर विकले जाते. पाइपची जाडी किंचित कमी असली तर डोळ्याला कळत नाही, काट्यावर आणि मापावर कळते. म्हणून कळंबोलीच्या काट्याची चिठ्ठी आणि आपल्या काट्याची चिठ्ठी, दोन्ही माल पावतीला जोडायच्या असे ठरवले आहे. या दोहोंत फरक निघाला की हिशोब खाते पुढचे बिल थांबवते. आपला ऊस काट्यावर जाताना आपण जेवढे बारकाईने पाहतो, तेवढ्याच बारकाईने आपल्या पैशाने येणारे लोखंडही पाहिले गेले पाहिजे.

म्हणजे जे बाण पैसा राखतात ते ठेवायचे आणि जे बाण नुसता कागद परत फिरवतात ते काढायचे. आपल्या जुन्या २० बाणांत दुसरे दरपत्रक, दुसरी समिती, दुसरी ऑर्डर आणि ऑर्डर दुरुस्तीसाठीची फेरी हे सगळे परत फिरणारे होते. आराखड्यात ते ओळखायला सोपे असतात. बाण उजवीकडे न जाता डावीकडे वळला की समजावे, पुढचे काम करायला लागणारी गोष्ट मागच्या कामात राहून गेली आहे.

या कागदाला काय जमत नाही

गाळपाच्या ऐन भरात मिलचे बेअरिंग गेले तर या तेरा चौकोनांची वाट पाहता येत नाही. तातडीच्या खरेदीची रीत वेगळी आहे आणि तिची स्लाइडही वेगळी काढावी. दोन्ही एकाच स्लाइडवर कोंबल्या तर दोन्ही वाचता येत नाहीत.

दुसरे असे की, खातेप्रमुखांना बसवून त्यांना विचारत आराखडा काढला तर तो नियमाप्रमाणे येतो, घडते तसा येत नाही. मी प्रथम कार्यालयात विचारून काढला तेव्हा तो स्वच्छ सरळ निघाला होता. त्यात काट्यावर ट्रक थांबलेलाच नव्हता! फाइलवरच्या तारखा आणि गेटचे रजिस्टर समोर ठेवून काढलेला आराखडा तेवढा खरा. दोन्ही आराखडे शेजारी ठेवले की कारखान्याचा नियम आणि कारखान्याचा रिवाज यांतले अंतर दिसते.

तिसरे, खरेदी अधिकाऱ्यांना पहिल्या दिवशी हा कागद आपल्यावरचे आरोपपत्र वाटला होता. ते साहजिक आहे, कारण सर्वांत जास्त चौकोन त्यांच्याच पट्ट्यात होते. मग आम्ही दोघांनी बसून तारखा भरल्या. पहिल्या फेरीचे तेरा दिवस त्यांच्या टेबलावर गेलेच नव्हते, बैठकीच्या तारखेवर गेले होते, हे त्यांनीच मला दाखवले. त्यानंतर स्लाइड त्यांनी माझ्याहून जास्त लोकांना दाखवली.

मागणी

संचालक मंडळाने दोन गोष्टी मान्य केल्या आहेत. बंद हंगामात काट्याची जबाबदारी सुरक्षा खात्याकडे दिली, आणि लोखंडापुरती कमाल दराची पद्धत एक हंगाम करून पाहायची असे ठरले. त्याबद्दल मी मंडळाचा आभारी आहे. पण माझी तिसरी मागणी अजून विचाराधीन आहे आणि ती मी आज सभासदांपुढे ठेवतो.

ज्या खरेदीवर सभासदांची लागण अवलंबून आहे, म्हणजे रोपवाटिकेचे साहित्य, बेणेप्रक्रियेची औषधे, हिरवळीच्या खताचे बियाणे, त्या प्रत्येक खरेदीची ही एक स्लाइड तारखांसह छापून प्रत्येक गट ऑफिसात लावावी. कागद आज कोणत्या पट्ट्यात आहे ते सभासदाला चिटबॉयला न विचारता कळले पाहिजे. काहींचे म्हणणे पडले की यामुळे घरातले बाहेर जाईल. मला ते पटत नाही. भागभांडवल सभासदांचे, ऊस सभासदांचा, मग घर कोणाचे? रोपे वेळेत येणार नाहीत हे सभासदाला ऑगस्टमध्येच कळले असते, तर त्याने घरचे बेणे राखून ठेवले असते आणि पूर्वहंगामी लागण साधली असती. त्याला ते नोव्हेंबरमध्ये कळले. उशिरापेक्षाही हे कळण्यातला उशीर सभासदाला अधिक महाग पडला, आणि तो टाळायला एक छापील कागद पुरे होता.

यंदाचे मागणीपत्रक शेतकी खात्याने १ जूनला लिहिले आहे. त्याची तारीख पहिल्या चौकोनात भरली आहे. पुढच्या तारखा सभासदांनी येऊन वाचाव्यात, आणि वार्षिक सभेत प्रश्न विचारायचा तो बाणावर बोट ठेवून विचारावा. मी उत्तर द्यायला उभा राहीन.

आपला,
ऊस विकास अधिकारी